स्पर्धा परीक्षेचा अर्ज – लेखांक सातवा : दोन अर्ज भरले, धरला जाईल कुठला?

मागच्या लेखांकात शुल्काचा भरणा अडकला तर काय करायचं ते पाहिलं. आजचा प्रश्न त्यातूनच निघतो. पैसे खात्यातून गेले आणि पडद्यावर मात्र भरणा अपूर्ण दिसला, की घाबरून मुलं नव्यानं नोंदणी करतात. पासवर्ड विसरला म्हणून नेट कॅफेवाल्यानं दुसऱ्या ईमेलवर नवं खातं उघडून दिलं, असंही सर्रास घडतं. असे एकाच परीक्षेला एकाच उमेदवाराचे दोन अर्ज जातात. त्यांचं पुढे काय होतं, हे प्रत्येक परीक्षा संस्थेनं आपापल्या परीनं ठरवलेलं आहे.

केंद्रीय लोकसेवा आयोगाचा नियम वर्षानुवर्षं नागरी सेवा परीक्षेच्या जाहिरातीत छापला जात आला आहे. अर्ज एकच भरा. नाइलाजानं दुसरा भरलाच, तर ज्याचा नोंदणी क्रमांक, म्हणजे आरआयडी, मोठा तोच विचारात घेतला जाईल. एका क्रमांकावर भरलेलं शुल्क दुसऱ्याकडे वळवलं जाणार नाही. नियम साधा वाटतो, पण फसगत त्या शेवटच्या वाक्यात आहे.

समजा, परभणीच्या खुल्या वर्गातल्या एका मुलानं अर्ज भरला, शंभर रुपये शुल्कही भरलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या लक्षात आलं की केंद्र छत्रपती संभाजीनगरऐवजी नागपूर पडलंय. त्यानं नवी नोंदणी करून दुसरा अर्ज भरला, केंद्र नीट निवडलं. शुल्कासाठी स्टेट बँकेत रोख भरण्याचा पर्याय घेतला, भरणा चिठ्ठी छापून घेतली आणि बँकेत गेलाच नाही. शुल्क तर आपण कालच भरलंय, अशी त्याची समजूत. आता मोठा क्रमांक दुसऱ्या अर्जाचा, म्हणून आयोग तोच पाहणार. त्यावर शुल्क नाही, म्हणून तो फेटाळला जाणार. पहिला अर्ज सर्व बाजूंनी पूर्ण असून उपयोग नाही, कारण तो विचारातच नाही. शंभर रुपये पुन्हा भरले असते तर वर्ष वाचलं असतं.

हाच मुलगा आयबीपीएसच्या बँक भरतीत असाच वागला तर निकाल उलटा लागतो. तिथे सर्वांत शेवटची वैध, म्हणजे शुल्कासह पूर्ण झालेली नोंदणी ठेवतात. दुसरी अर्धवट राहिली, म्हणून पहिली टिकते. दोन्ही पूर्ण केल्या तर नंतरची राहते आणि आधीचं शुल्क बुडतं. खुल्या वर्गाला प्रोबेशनरी ऑफिसरच्या परीक्षेसाठी ते ८५० रुपये आहे. दोनदा परीक्षेला बसलेल्याची उमेदवारी मात्र रद्दच होते.

कर्मचारी निवड आयोगाचा नियम सर्वांत कडक. एकापेक्षा जास्त अर्ज सापडले तर सगळेच रद्द आणि उमेदवारीही गेली. त्याच उमेदवारानं दोनदा परीक्षा दिली असेल, तर पुढच्या परीक्षांनाही बंदी. ही परीक्षा अनेक दिवस, अनेक पाळ्यांत चालते. हातात दोन प्रवेशपत्रं असली तर एकच माणूस दोन वेगळ्या पाळ्यांत बसू शकतो, ही भीती खरी आहे. पण घाबरून दुसरा अर्ज भरणारा आणि मुद्दाम दोनदा बसणारा यांच्यात पहिल्या टप्प्यावर फरक न करणं मला अन्यायाचं वाटतं. बँकांच्या परीक्षाही पाळ्यांत होतात, आणि तिथे शेवटचा अर्ज ठेवून काम भागतं.

नाव थोडं बदललं की पकडले जाणार नाही, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. कर्मचारी निवड आयोगाच्या एकवेळ नोंदणीत दहावीचं मंडळ, वर्ष आणि बैठक क्रमांक द्यावा लागतो. नाव कसंही लिहिलं तरी तो क्रमांक एकच असतो.

चूक झालीच तर दुसरा अर्ज हा उपाय नव्हे. याच आयोगाच्या परीक्षांमध्ये मुदत संपल्यावर अर्जदुरुस्तीसाठी काही दिवस मिळतात. पहिल्या दुरुस्तीला २०० आणि दुसऱ्या दुरुस्तीला ५०० रुपये पडतात. शेवटची दुरुस्त प्रत वैध धरली जाते, आणि इथे अर्ज एकच राहतो.

केंद्रीय लोकसेवा आयोगानं मे २०२५ मध्ये अर्जाचं नवं संकेतस्थळ सुरू केलं, त्यात आधी सार्वत्रिक नोंदणी करून मग परीक्षेचा अर्ज भरायचा असतो. त्यामुळे जुन्या जाहिरातीवर विसंबू नका. तुमच्या परीक्षेच्या चालू जाहिरातीत एकापेक्षा जास्त अर्जांबद्दलचं कलम शोधा आणि शुल्क भरण्याआधी वाचा. दोन अर्ज आधीच गेले असतील आणि कलम मोठ्या क्रमांकाचं असेल, तर मुदत संपण्याआधी त्या क्रमांकावरचा फोटो, सही, ओळखपत्र, केंद्र आणि शुल्क एकेक करून तपासून घ्या.