सरासरी वेगाने हिशेब का चुकतो

पाइपातून पाणी वाहतं तेव्हा सगळं पाणी एकाच वेगाने पुढे जात नाही. भिंतीला चिकटलेला थर जवळजवळ जागीच असतो, मधोमध वेग सर्वांत जास्त. तरीही अभियांत्रिकीच्या पुस्तकातलं ऊर्जेचं समीकरण या सगळ्या गर्दीसाठी एकच वेग वापरतं, तो म्हणजे सरासरी वेग. प्रवाहाला क्षेत्रफळाने भागलं की तो मिळतो. किती लिटर पाणी गेलं एवढंच पाहायचं असेल, तर या सरासरीत काहीच चूक नाही. ते पाणी किती गतिज ऊर्जा घेऊन गेलं हे विचारलं की मात्र हिशेब कमी पडतो, आणि नेहमी कमीच पडतो, जास्त कधीच नाही.

एक सोपं गणित करून पाहू. पाइपाच्या अर्ध्या छेदातून पाणी सेकंदाला ३ मीटरने वाहतंय, उरलेल्या अर्ध्यातून १ मीटरने. सरासरी वेग झाला २. एक किलो पाण्याची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गावर ठरते, हे शाळेत शिकलेलंच आहे. पण वेगवान भागातून दर सेकंदाला जाणारं पाणीही जास्त असतं. म्हणजे वेग इथे दोन वाटांनी शिरतो: प्रत्येक किलोतली ऊर्जा वाढते आणि किलोंची संख्याही वाढते. म्हणून वाहून जाणारी ऊर्जा वेगाच्या घनावर ठरते. ३ चा घन २७, १ चा घन १, दोन्हींची सरासरी १४. सरासरी वेगाचा घन मात्र फक्त ८. खरी ऊर्जा आपल्या हिशेबाच्या पावणेदोन पट निघाली.

हे १.७५ म्हणजेच गतिज ऊर्जेचा दुरुस्ती गुणांक, α. फ्रान्समधल्या गास्पार कोरिओलिसने १८३६ साली नदी-कालव्यांतल्या पाण्याच्या फुगवट्यावर लिहिताना ही दुरुस्ती मांडली. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वारे वळतात त्या परिणामाला ज्याचं नाव आहे, तोच हा कोरिओलिस. संवेगाचा हिशेब थोडा निराळा आहे. संवेग वेगाच्या पहिल्या घातावर ठरतो, त्यामुळे वाहून जाणारा संवेग वर्गावर जातो. आपल्या उदाहरणात ९ आणि १ यांची सरासरी ५, सरासरी वेगाचा वर्ग ४, म्हणून गुणांक १.२५. हा β, आणि त्याच्याशी जोसेफ बूसिनेस्कचं नाव जोडलेलं आहे. α चं १ वरचं आधिक्य β च्या आधिक्याच्या साधारण तिप्पट असतं. इथेही पाहा: ०.७५ आणि ०.२५.

आता खऱ्या गोल पाइपाकडे येऊ. शहराच्या पाणीपुरवठ्याच्या वाहिनीत प्रवाह प्रक्षुब्ध असतो. आतल्या भोवऱ्यांमुळे पाणी सतत घुसळलं जातं, म्हणून भिंतीजवळचा पातळ थर सोडला तर वेग बऱ्यापैकी सारखा राहतो. तिथे α साधारण १.०६ आणि β १.०२. समजा, ३०० मिलिमीटरच्या वाहिनीत सरासरी वेग सेकंदाला दीड मीटर आहे. त्याचा वेग-हेड, म्हणजे V²/2g, जेमतेम साडेअकरा सेंटिमीटर. त्याचे सहा टक्के म्हणजे सात मिलिमीटर. त्याच वाहिनीत एका किलोमीटरला घर्षणात सात-आठ मीटर हेड जातो. सात मीटरांच्या हिशेबात सात मिलिमीटरची चिंता कोणी करू नये. इंजिनिअर α ला १ धरून पुढे जातात, ते याच कारणाने, आणि ते योग्यच आहे.

घोटाळा होतो तो तेलासारख्या घट्ट द्रवात. तिथे प्रवाह स्तरीय असतो. एकमेकांवरून सरकणारे थर, घुसळण नाही, आणि मधला वेग सरासरीच्या नेमका दुप्पट. अशा प्रवाहात α बरोबर २ येतो आणि β ४/३. म्हणजे सरासरी वेगावरून काढलेल्या गतिज ऊर्जेच्या दुप्पट ऊर्जा द्रव प्रत्यक्षात घेऊन जातो.

टाकीला २० मिलिमीटर व्यासाचा, अर्धा मीटर लांबीचा आडवा पाइप लावलाय, तोंड आतून गोलाई दिलेलं, आणि तेल सेकंदाला सरासरी एक मीटरने मोकळ्या हवेत पडतंय. तेलाची श्यानता १०० सेंटीस्टोक. रेनॉल्ड्स संख्या येते २००, त्यामुळे प्रवाह स्तरीय आहे यात शंका नाही. घर्षणात जाणारा हेड सुमारे ४१ सेंटिमीटर. वेग-हेड ५ सेंटिमीटर, पण α दोन असल्यामुळे तो १० धरायला हवा. एकूण टाकीतली पातळी पाइपापेक्षा ५१ सेंटिमीटर वर हवी. प्रत्यक्षात आणखी थोडी लागेल. पाइपात शिरताना सगळं तेल जवळपास एका वेगाने जातं आणि साधारण पाव मीटर गेल्यावर वेगाचा तो दुप्पट उंचवटा पूर्ण तयार होतो. तोवर भिंतीवरचं घर्षण नेहमीपेक्षा जास्त असतं.

हाच प्रयोग उलट करा. श्यानता माहीत नाही आणि ती शोधायची आहे. पातळी ५१ मोजली, α विसरून ५ वजा केले, उरलेले ४६ घर्षणाच्या नावावर टाकले. उत्तर येतं ११२ सेंटीस्टोक. बारा टक्के चूक, आणि कागदावर सगळं बरोबर दिसतं. ती पकडायची युक्ती सोपी आहे. पातळी बदलून वेगळ्या वेगांना तेच मोजा. तेलाचं तापमान तेच असेल तर श्यानता बदलायचं कारण नाही. पण उत्तर वेगाबरोबर चढत गेलं, तर कुठल्यातरी गतिज ऊर्जेला आपण घर्षण समजतोय. कारण स्तरीय प्रवाहातलं घर्षण वेगाच्या प्रमाणात वाढतं आणि गतिज ऊर्जेचा वाटा वेगाच्या वर्गाने. पाइप लांब केला तर चूक लगेच आकसते, कारण घर्षण लांबीबरोबर वाढतं, गतिज ऊर्जा नाही.

एदुआर्द हागेनबाखने १८६० मध्ये श्यानतेच्या मोजमापात ही दुरुस्ती आणली. प्रयोगशाळेतल्या काचेच्या केशनळीच्या व्हिस्कोमीटरला तेल खाली उतरायला सहसा किमान २०० सेकंद लागावेत असा नियम असतो, त्यामागेही हेच आहे. प्रवाह पुरेसा संथ ठेवला की गतिज ऊर्जेचा वाटा नगण्य होतो आणि वेळेला नळीच्या स्थिरांकाने गुणून थेट उत्तर मिळतं. घाईघाईने मोठ्या भोकाची नळी घेतली की वेळ घटते आणि दुरुस्ती पुन्हा डोकं वर काढते.

α आणि β एकत्र लागतात ती जागा म्हणजे पाइप अचानक मोठा होतो तो सांधा. पुस्तकातलं सूत्र सांगतं की वाया जाणारा हेड म्हणजे दोन वेगांतल्या फरकाचा वर्ग, भागिले 2g. क्षेत्रफळ चौपट झालं तर वेग-हेडच्या ०.५६ पट. हे सूत्र दोन्ही बाजूंना सपाट वेग गृहीत धरतं. दोन्हीकडे स्तरीय प्रवाह पूर्ण तयार झालेला असेल तर संवेगात ४/३ आणि ऊर्जेत २ घालून तेच गणित करा: ०.५६ च्या जागी १.३८ पट येतं. विद्यार्थी इथे हमखास एक चूक करतात, संवेगाच्या समीकरणातही α घालतात. मग उत्तर चुकतं, पण आकडा विचित्र नसल्यामुळे कोणाला खटकत नाही. हे गणितही अमर्याद चालत नाही. पाइप रुंदावतो तिथल्या उभ्या कड्यावर लहान पाइपातलाच दाब आहे, असं त्यात मानलेलं असतं. द्रव फारच संथ आणि घट्ट असेल तर ते खरं राहत नाही, आणि मग दाब प्रत्यक्ष मोजावा लागतो.