आतला कोपरा गोल, बाहेरची कड तिरकी

अॅल्युमिनियमच्या ठोकळ्यातून कापलेला एल आकाराचा ब्रॅकेट घ्या: जाडी 10 मिलिमीटर, रुंदी 40. एक पाय भिंतीला बोल्टने घट्ट, आणि दुसऱ्या पायावर आतल्या कोपऱ्यापासून 60 मिलिमीटरवर 50 किलोचा पंप. ड्रॉइंगवर कडांसाठी दोन पर्याय असतात. फिलेट म्हणजे गोलाई, चॅम्फर म्हणजे 45 अंशांत तिरकी कापलेली कड.

साध्या हिशेबाने कोपऱ्याजवळ ताण येतो दर चौरस मिलिमीटरला सुमारे 45 न्यूटन. पण कोपरा जवळपास टोकदार, समजा 0.5 मिलिमीटर त्रिज्येचा असेल, तर तिथे ताण एकवटतो आणि सव्वादोन ते अडीच पट होतो, म्हणजे शंभराच्या वर. 6061-टी6 हा मिश्रधातू 275च्या आसपास कायमचा वाकायला लागतो, त्यामुळे नुसतं वजन तो आरामात पेलेल. पंप चालू-बंद होत राहिला, भार कोट्यवधी वेळा कमी-जास्त झाला, की मात्र या धातूला शंभराच्या आसपासचा ताणही सोसत नाही. ताणाच्या बाजूने आतल्या कोपऱ्यात केसासारखी चीर पडते. तुटलेल्या तोंडावर शिंपल्यासारख्या वक्र रेषा दिसल्या, तर समजावं की चीर हळूहळू सरकत गेली. आत चॅम्फर दिला तर एका कोपऱ्याचे दोन बोथट कोपरे होतात. ताण थोडा उतरतो, पण कोपरे राहतातच. इथे फिलेटच हवा.

किती त्रिज्येचा, हे शॉपमध्ये विचारावं. ब्रॅकेट आडवा धरून व्हीएमसीवर एन्डमिलच्या बाजूने कापला, तर कोपरा आपोआप गोल होतो. 3 मिलिमीटर त्रिज्या मागितली, की 6 मिलिमीटरचं कटर 40 मिलिमीटर खोल उतरवावं लागतं. ते लवतं, थरथरतं, वेळ खातं. 6 मिलिमीटर त्रिज्या दिली, तर 10चं दणकट कटर चालतं आणि कोपऱ्यातला ताणही आणखी उतरतो. भोसरीतल्या शॉपलाही हे जास्त परवडेल.

बाहेरच्या कडांचं गणित उलटं. तिथे ताण एकवटत नाही. काढायची असते ती बर, म्हणजे हात कापणारी धातूची धार. 90 अंशांचं एकच चॅम्फर कटर कमी-जास्त खोल उतरवून हवा तो माप देतं, तेही एका फेरीत. गोलाईला मात्र प्रत्येक त्रिज्येसाठी वेगळं कटर लागतं, आणि ते जरा चुकीच्या उंचीवर लागलं तर कडेला पायरी उमटते. म्हणून ‘सर्व कडा आर 1’ असं सरसकट लिहिणं मला उधळपट्टी वाटते. 0.5 मिलिमीटरचा चॅम्फर पुरतो. हाताने सतत धरायच्या कडेला गोलाई द्यावी, तेवढा खर्च योग्यच.

एक जागा हमखास विसरते. पंपाच्या पायाची टोकदार कड ब्रॅकेटच्या आतल्या कोपऱ्यात बसणार असेल, तर ती फिलेटवर चढते आणि पाया टेकतच नाही. बोल्ट आवळले, की ब्रॅकेटच ताणला जातो. तेव्हा फिलेट कमी करू नये. पायाच्या कडेला फिलेटच्या त्रिज्येपेक्षा मोठा, इथे 7 मिलिमीटरचा, चॅम्फर द्यावा.