संथ फेऱ्यांची गोडी

शाळेच्या धावण्याच्या संघात नव्याने आलेली मुले सरावाची प्रत्येक फेरी शर्यत समजून पळतात. मागे पडलो तर सगळे बघतील, ही धास्ती लाजाळू मुलांना तर अधिकच पळवते.

नववीतल्या एका अबोल मुलीचे उदाहरण घेऊ. मैदानावर चुन्याने आखलेली फेरी 200 मीटरची आहे. पहिली फेरी ती 50 सेकंदांत पुरी करते, दुसरीला 60 सेकंद लागतात आणि तिसरीत कुशीत कळ येऊन ती चालू लागते. या वेगाला लागणारी सगळी ऊर्जा ऑक्सिजनच्या साहाय्याने पुरवणे तिच्या शरीराला अजून जमत नाही. उरलेली ऊर्जा स्नायू ऑक्सिजनविना तयार करतात, त्यांच्यातली आम्लता वाढते आणि धाप लागते.

क्रीडाशिक्षक तिला एका मैत्रिणीबरोबर पळायला सांगतात. नियम एवढाच, की पळताना पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला, तर वेग जास्त आहे. या कसोटीवर तिची फेरी 84 सेकंदांची ठरते, म्हणजे पाच फेऱ्यांचा एक किलोमीटर सात मिनिटांत होतो. पण अबोल मुलगी बोलणार काय? म्हणून फेऱ्या मोजण्याचे काम तिच्याकडे येते. रेघ ओलांडताना ती “तिसरी झाली, दोन राहिल्या” असे मोठ्याने सांगते. आकड्यांवरून हळूहळू गप्पांना सुरुवात होते. कोणी पुढे गेले तरी तिला वेग वाढवावा लागत नाही, आणि दम शिल्लक असल्याने पाचवी फेरी संपल्यावर आणखी एक घ्यावीशी वाटते.

आठवड्यातून तीन दिवस असा सराव काही आठवडे चालला, की हृदय प्रत्येक ठोक्याला अधिक रक्त पुढे ढकलू लागते. स्नायूंमध्ये केशवाहिन्यांचे जाळे दाट होते आणि ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिका वाढतात. मग त्याच सहज श्वासात फेरी 84 ऐवजी 78 सेकंदांत होऊ लागते. प्रगती झाली हे यावरून ओळखायचे. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांनीही सरावाचा पाया दीर्घ, दम न तोडणाऱ्या धावण्यावर रचला होता. त्यांचे शिष्य पीटर स्नेल आणि मरी हालबर्ग यांनी 1960च्या रोम ऑलिंपिकमध्ये 800 आणि 5000 मीटरची सुवर्णपदके एकाच दिवशी जिंकली.

संथ धावण्यालाही मर्यादा आहेत. सतत एकाच दिशेने वळल्याने पायांवर असमान ताण येतो, म्हणून अधूनमधून दिशा बदलावी. पोटऱ्यांचा ठणका एक-दोन दिवसांत जातो. नडगीच्या हाडावर एकाच जागी दाबल्यावर दुखत असेल, तर मात्र पळणे थांबवून डॉक्टरांना दाखवावे. शिवाय शर्यतीचा वेग केवळ संथ फेऱ्यांनी येत नाही. पाया पक्का झाल्यावर आठवड्यातला एक दिवस वेगवान फेऱ्यांना द्यावा लागतो.