एका अर्जाचा हिशेब आणि साऱ्या झाडांची बेरीज

कर्ज बुडण्याची शक्यता वर्तवणाऱ्या निर्णयवृक्षांच्या प्रारूपात घटकाचे एकूण महत्त्व सहसा त्याने पाडलेल्या प्रत्येक फाट्यावर गटांतील सरमिसळ किती घटली, याची सर्व झाडांवर बेरीज करून काढतात. परंतु ज्या रकान्यात वेगवेगळ्या किमती पुष्कळ, त्याला फाट्यांसाठी जागाही पुष्कळ मिळत असल्याने, अर्ज क्रमांकासारखा निरर्थक आकडा ‘घर स्वतःचे आहे का’ या होय-नाही उत्तराच्या वर जाऊन बसू शकतो. मुद्दाम एक यादृच्छिक रकाना घालून पाहिल्यास ही खोट उघडी पडते.

एकट्या अर्जदाराविषयी मात्र ही बेरीज मौनच पाळते. एकेका अर्जाचा हिशेब मांडण्याचे काम लॉइड शॅपली यांच्या १९५३ मधील वाटणीच्या नियमावर आधारलेली शॅप मूल्ये करतात: सरासरी जोखीम २० टक्के आणि या अर्जदाराची ३५ टक्के असेल, तर मधल्या १५ अंकांत, समजा, थकलेल्या हप्त्यांचा वाटा +१८ आणि पगाराचा −३ येतो. मात्र पगार आणि कार्डाची मर्यादा सोबतच वाढत असतील, तर श्रेय दोघांत विभागून दोन्ही किरकोळ भासतात. तुलनेसाठी सर्व अर्जदारांऐवजी केवळ मंजूर अर्जदार घेतले, तर −३ चे चिन्हही उलटू शकते. शिवाय पगार वाढल्यास कर्ज खरोखर फिटेल, असे तो −३ मुळीच सांगत नाही, कारण तो प्रारूपाच्या वागण्याचा हिशेब आहे.