तीन कोऱ्या दिवसांनंतर

सांगलीच्या माझ्या मावशीला मधुमेह आहे. पहाटे पाचला उठायचं, चहाच्या आधी बोट टोचून साखर मोजायची आणि तो आकडा मोबाइलवरून पाठवायचा, असा तिचा नेम. तिच्यासारख्या चाळीसेक रुग्णांचे आकडे एका डॉक्टरांसाठी गोळा करणारी छोटी यंत्रणा मी सांभाळतो. आकडा आला की तो नोंदवहीत चढतो आणि महिन्याच्या भेटीत डॉक्टर तो तक्ता समोर ठेवून गोळीची मात्रा ठरवतात.

एका गुरुवारी मावशीचा आकडा आला आणि मग शांतता. घरात लग्न होतं. रविवारी सकाळी आमच्या यंत्रणेनं तिला संदेश पाठवला: ‘तुम्ही ३ दिवस नोंद केलेली नाही. तुमची सलग २६ दिवसांची साखळी तुटली आहे. कृपया राहिलेल्या नोंदी भरा.’ तिचा तडक फोन आला. ‘अरे, शुक्रवार आणि शनिवार, दोनच दिवस झाले. तिसरा कुठून काढलास? आणि मोजलंच नाही, तर भरू काय?’

तिचे दोन्ही प्रश्न बरोबर होते.

पहिल्याचं उत्तर घड्याळात सापडलं. आमचा सर्व्हर जागतिक प्रमाणवेळेवर चालत होता. भारताची वेळ तिच्यापुढे साडेपाच तास. म्हणजे मावशीनं गुरुवारी पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी पाठवलेला आकडा सर्व्हरच्या लेखी बुधवारी रात्री अकरा चाळीसचा होता. तिची प्रत्येक नोंद आदल्या दिवसाच्या नावावर चढत होती. ती रोज मोजत होती तोवर हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, कारण सगळे आकडे सारखेच एक दिवस मागे सरकलेले. खंड पडला तेव्हा चूक उघडी पडली. साडेपाचच्या आत उठणाऱ्या प्रत्येकाच्या बाबतीत हेच होत होतं, आणि उपाशीपोटी साखर मोजणाऱ्यांत अशी माणसं बरीच असतात.

तेव्हापासून प्रत्येक नोंदीबरोबर आम्ही रुग्णाच्या गावची तारीख ठेवतो आणि मोजणी त्याच तारखेनं करतो. शेवटची नोंद गुरुवारची असेल, तर शुक्रवार, शनिवार, रविवार हे तीन पूर्ण दिवस कोरे जाऊ द्यायचे आणि सोमवारी सकाळी दहाला तपासायचं. सोमवारचा दिवस अजून संपलेला नसतो, म्हणून तो मोजायचा नाही. तपासणी ‘शेवटची नोंद बरोबर चार दिवसांपूर्वीची आहे का’ अशीही करायची नाही. सोमवारी वीज गेली आणि तपासणी चुकली, तर मंगळवारी ते अंतर पाच दिवसांचं होतं आणि तो माणूस कायमचा निसटतो. म्हणून विचारायचं ते ‘चार किंवा जास्त’ दिवसांबद्दल, आणि या खंडासाठी संदेश गेला आहे अशी खूण शेजारी करून ठेवायची, म्हणजे तोच निरोप रोज जात नाही. नवी नोंद आली की खूण पुसायची.

तीनच दिवस का? एक दिवस राहतो तो प्रवासात किंवा चाचणीच्या पट्ट्या संपल्यावर. दोन दिवस पाहुण्यांत जातात. त्या वेळी टोकलं तर माणूस चिडतो, कारण तो तसाही परत येणारच असतो. आठवडा उलटू दिला, तर न मोजण्याचीच सवय लागलेली असते. हा हिशेब रोज मोजणाऱ्यांचा. आठवड्यातून दोनदाच मोजायला सांगितलेल्या रुग्णाला तीन दिवसांचा नियम लावणं चूक आहे. त्याचं अंतर वेगळं धरावं लागतं.

आता मावशीचा दुसरा प्रश्न. न मोजलेलं भरायचं काय?

२००२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आर्थर स्टोन आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला. जुनाट वेदना असलेल्या रुग्णांना त्यांनी कागदी रोजनिशी दिली होती. वही कधी उघडली जाते हे टिपणारा प्रकाशसंवेदक तिच्यात दडवलेला होता. रुग्णांनी जमा केलेल्या पानांवरून नव्वद टक्के नोंदी वेळेवर झाल्याचं दिसत होतं. प्रत्यक्षात वेळेवर झालेल्या नोंदी होत्या अकरा टक्के. सुमारे एकतृतीयांश दिवशी तर वही उघडलीच गेली नव्हती, तरी त्या दिवसांची पानं भरलेली होती. या माणसांना लबाड म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. कोरं पान घेऊन डॉक्टरांसमोर बसायची लाज वाटली, इतकंच.

आमचा ‘राहिलेल्या नोंदी भरा’ हा निरोप नेमकं हेच करायला लावत होता. जुन्या तक्त्यात ते दिसतंही. एकाच मिनिटात आलेले तीन दिवसांचे तीन आकडे, १३०, १२५, १३०, सगळे शून्य किंवा पाचावर संपणारे. खरं यंत्र १३७ दाखवतं, ११८ दाखवतं. अशा भरलेल्या आकड्यांवर डॉक्टर गोळी ठरवणार असतील, तर तीन कोरे रकाने कितीतरी बरे. लग्नाच्या पंगतीनंतर मोजणं थांबलं, हीसुद्धा डॉक्टरांना उपयोगी पडणारी माहिती आहे.

म्हणून निरोप बदलला. व्हॉट्सअॅपच्या व्यवसाय खात्यावर रुग्णाच्या शेवटच्या संदेशाला चोवीस तास उलटले की मनात येईल ते लिहिता येत नाही. आधी मंजूर करून घेतलेला मजकूरच जातो. तीन दिवसांच्या शांततेनंतर ती मुदत केव्हाच संपलेली असते, त्यामुळे शब्द आधीच तोलून ठेवावे लागतात. आम्ही लिहिलं:

‘नमस्कार. आज साखर मोजली असेल तर फक्त आकडा पाठवा. मधले दिवस रिकामे राहिले तरी चालतील. काही दिवस थांबायचं असेल तर “थांबा” असं कळवा.’

यात दिवसांची मोजणी नाही, कारण यंत्रणेला फक्त एवढंच ठाऊक असतं की आकडा आपल्यापर्यंत पोचला नाही. शेतावर रेंज नसलेल्या एका आजोबांचे सगळे आकडे त्यांच्या फोनमध्येच अडकून पडले होते. त्यांना ‘तुम्ही मोजलं नाही’ असं सांगणं धडधडीत खोटं ठरलं असतं. साखळीचा उल्लेखही काढला. त्याऐवजी तक्त्यावर महिन्यातले मोजलेले दिवस दिसतात. तीन दिवस चुकले तरी आधीचे सव्वीस तिथेच राहतात. खंडानंतर परतण्यालाच महत्त्व द्यावं, याला आधार आहे. २०२१ साली नेचरमध्ये आलेल्या, अमेरिकेतल्या एका व्यायामशाळा साखळीच्या सुमारे एकसष्ट हजार सभासदांवरच्या प्रयोगात चौपन्न योजना पडताळल्या होत्या. त्यांत सर्वांत चांगली ठरली ती चुकलेल्या व्यायामानंतर परत येणाऱ्याला किरकोळ बक्षीस देणारी.

एका ठिकाणी मात्र हा मऊ निरोप आम्ही मुद्दाम अडवला आहे. शेवटचा आकडा ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर असेल आणि त्यानंतर नोंद थांबली असेल, तर तीन दिवस वाट पाहायची नाही. दुसऱ्याच दिवशी दवाखान्यातल्या परिचारिका फोन करतात. त्या रुग्णाची शांतता कंटाळ्याची असेलच असं नाही. आणि निरोपाला उत्तर आलं नाही, तर दहाव्या दिवशी आणखी एक जातो. त्यानंतर यंत्रणा गप्प बसते आणि नाव डॉक्टरांच्या यादीत चढतं.

मावशीला नवा निरोप मिळाला तो गौरी जेवल्यानंतरच्या आठवड्यात. दहा वाजता गेला. तिचा आकडा दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजून चार मिनिटांनी आला, १८६. मागचे चार रकाने कोरेच होते. डॉक्टरांनी तक्ता पाहिला, कोऱ्या जागेवर बोट ठेवलं आणि विचारलं, ‘पुरणपोळी किती झाली?’ मावशीनं खरा आकडा सांगितला.