दगड दिसतो?

पाचवीच्या मुलांसाठी लिहिलेला भरती-ओहोटीचा पाठ दुसरीच्या वर्गासाठी पुन्हा लिहायचा होता. गाव अलिबागजवळचं. ओहोटीला कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जाता येतं आणि भरतीला वाट बुडते, हे तिथल्या पोरांना माझ्याआधीपासून ठाऊक. मूळ संहितेतलं पहिलंच वाक्य होतं, ‘चंद्राच्या गुरुत्वाकर्षणामुळे सागराच्या पातळीत नियमितपणे होणाऱ्या चढ-उतारास भरती-ओहोटी म्हणतात.’ मी ते सोपं केलं : ‘चंद्र पाणी ओढतो. पाणी वर येतं.’

वर्गात वाचल्याबरोबर एक मुलगी म्हणाली, “पुनवेला दुपारी पण भरती येते. तेव्हा चंद्र कुठं असतो?”

तिचं बरोबर होतं. आमच्याकडे पुनवेची भरती दुपारी बाराच्या सुमारास येते आणि तेव्हा चंद्र पृथ्वीच्या पलीकडे असतो. चंद्राची ओढ जवळच्या बाजूला जास्त, पृथ्वीच्या मध्याला कमी आणि पलीकडे सगळ्यांत कमी. म्हणून पलीकडेही पाण्याला फुगवटा येतो. हे सात वर्षांच्या मुलांना कसं सांगणार? शब्द सोपे झाले होते, पण गोष्ट अर्धीच उरली होती. ‘ओढतो’ काढलं. भरतीचं कारण पाचवीसाठी ठेवलं आणि दुसरीला फक्त दिसतं तेवढंच दिलं.

मग एक दगड घेतला.

पाणी आलं, पाणी आलं.
दगड दिसतो? नाही, नाही!
पाणी गेलं, पाणी गेलं.
दगड दिसतो? हो, हो!

ओळ एका दमात संपेल एवढीच. दर ओळीत बदलणारा शब्द एकच. पण तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम चुकवलं : “पाणी आलं, पाणी आलं, दगड दिसतो, हो, हो!” सगळा वर्ग माझ्यामागे तसाच ओरडला. तोंड चालत होतं, डोकं नाही. म्हणून उत्तरं संहितेतून काढून टाकली. आता प्रश्न विचारून वाचणाऱ्यानं थांबायचं, मनातल्या मनात तीन आकडे मोजायचे. पाण्याची चाल मात्र दर वेळी बदलायची. मग पोरं ऐकू लागली.

भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते. घड्याळ न येणाऱ्यांना मिनिटं काय सांगायची? लिहिलं : ‘काल मधल्या सुट्टीत आली. आज सुट्टी संपल्यावर आली. उद्या?’

मागच्या बाकावरून आवाज आला, “अजून उशिरा. आमचे आजोबा तिथीची पाऊणपट करतात.”

अष्टमीची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. त्या पोराला गुणाकार येत नव्हता, पण ‘उद्या’ बरोबर आला होता.