समेची चाहूल

मंदिरातील भावनेत स्तवन रंगात आले, की तबल्यावर एकच बोल तीनदा वाजतो आणि तिसऱ्या खेपेला अनेकांचे हात एकाच क्षणी टाळीसाठी मिळतात. त्यांतील बहुतेकांनी मात्रा मोजलेल्या नसतात. मग नेमका क्षण त्यांना कळतो कसा? तीनतालाच्या एका आवर्तनाकडे जरा बारकाईने पाहिले, तर या प्रश्नाचे उत्तर सापडते.

तीनताल सोळा मात्रांचा. चार-चार मात्रांचे चार विभाग. पहिली मात्रा ही सम आणि नववी ही खाली. त्याचा प्रचलित ठेका असा: धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. ‘धा’ आणि ‘धिं’ या बोलांत डग्ग्याचा घुमारा असतो; ‘तिं’ आणि ‘ता’ यांत तो नसतो. म्हणजे दहाव्या मात्रेपासून तेराव्या मात्रेपर्यंत डग्गा गप्प राहतो आणि चौदाव्या मात्रेला पुन्हा बोलू लागतो. तेथून चौथा ठोका समेचा. श्रोत्याला समेची पहिली वर्दी मिळते ती या मौनातून आणि ते सुटण्यातून.

दुसरी वर्दी गायक देतो. बंदिशीच्या स्थायीचा आरंभीचा जो भाग समेकडे घेऊन जातो, त्यास मुखडा म्हणतात. मध्यलयीतील तीनतालाच्या कित्येक बंदिशी खालीपासून उठतात. त्यांचा मुखडा आठ मात्रा चालतो आणि एक ठरलेले अक्षर समेवर पडते. आलाप किंवा तान कितीही दूर गेली, तरी गायक मुखड्याचे शब्द उचलतो तेव्हा सम किती अंतरावर आहे हे जाणत्या श्रोत्यास उमगते. मुखडा एकदा ओळखीचा झाला, की मोजण्याचे काम स्मरणशक्तीच करते.

तिहाईचा मार्ग मात्र वेगळा आहे. एकच बोल तीनदा, मधली दोन्ही अंतरे समान आणि शेवटचा ‘धा’ समेवर, ही तिची घडण. ‘तिट कत गदि गन धा’ हा परिचित बोल घ्या. प्रत्येक खंड एका मात्रेचा धरला, तर बोल पाच मात्रांचा होतो. तीन वेळा पाच म्हणजे पंधरा. मध्ये दोनदा एकेक मात्रेचा विराम धरला, की सतरा. आवर्तन सोळा मात्रांचे असता हिशेब सतराचा का? कारण समेवर आरंभ करून पुढील समेवर शेवट करायचा, तर दोन्ही समा मोजाव्या लागतात. या तिहाईचे ‘धा’ पाचव्या मात्रेवर, अकराव्या मात्रेवर आणि पुढील समेवर पडतात. विराम गाळून तोच बोल वाजवला, तर पंधराच मात्रा भरतात. म्हणून ती तिहाई तिसऱ्या मात्रेपासून उचलावी लागते. पहिलीस दमदार तिहाई म्हणतात, दुसरीस बेदम.

श्रोत्याला हा जमाखर्च मांडण्याची गरज पडत नाही. पहिल्या ‘धा’पासून दुसऱ्या ‘धा’पर्यंत सहा मात्रांचे अंतर त्याच्या कानाने नकळत मापलेले असते. तेच माप पुन्हा एकदा लावले, की तिसरा ‘धा’ कोठे पडणार हे तो वाजण्यापूर्वीच ठाऊक होते. समेचा आनंद आहे तो हा: अंदाज आधी बांधला जातो आणि मग तो खरा ठरतो. पहिल्या आवृत्तीत श्रोता बोल ओळखतो, दुसरीत अंतर जाणतो आणि तिसरीत वाट पाहतो.

चूक होते ती बहुधा आरंभस्थानाची. बेदम तिहाई तिसऱ्याऐवजी चौथ्या मात्रेवर उचलली, तर बोल निर्दोष वाजूनही शेवटचा ‘धा’ दुसऱ्या मात्रेवर पडतो. गायकाच्या मुखड्याचे अक्षर आणि तबल्याचा ‘धा’ यांत तेवढी फट राहते. तथापि अशी प्रत्येक फट दोष नव्हे. सम होऊन गेल्यावर येणे यास अतीत आणि सम येण्यापूर्वीच येणे यास अनागत म्हणतात. कसलेले कलावंत हे हेतुपूर्वक करतात. दोहोंतील भेद पुढच्या ठेक्यावरून कळतो. वादकाने लय न डगमगता ठेका योग्य मात्रेवर पुन्हा धरला, तर ती योजना होती. एखादी मात्रा चेपून किंवा ताणून त्याने तो सावरला, तर ती चूक होती.

म्हणून तिहाईला दाद देणारा श्रोता तिसऱ्या ‘धा’वर थांबत नाही, त्यापुढचे ‘धिं धिं धा’ही ऐकतो. हिशेब जुळला की नाही, हे तेथे कळते.